सोमवारची भेट पुन्हा राहिली?

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटं झाली की फोन वाजतो आणि न बघताच तुम्हाला कळतं, काय आलं असेल ते. "आज नहीं हो पाएगा, अगले हफ्ते देखते हैं." साहेबांबरोबरची साडेदहाची अर्ध्या तासाची भेट गेली. मागच्या सोमवारीही गेली होती. तुम्ही "ओके सर" लिहिता, जोडीला एक अंगठा पाठवता आणि वहीत लिहून ठेवलेले चार मुद्दे पुढच्या पानावर ढकलता.

या भेटीला आता सगळीकडे 'वन-टू-वन' म्हणतात. आठवड्यातून एकदा साहेब आणि तुम्ही, तिसरं कोणी नाही. पूर्वी ही पद्धत मोठ्या शहरांतल्या संगणक कंपन्यांपुरती होती. आता नवा रायपूरच्या कार्यालयांत ती आहे, बँकांत आहे आणि सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांतही पोचली आहे. तिथे मनुष्यबळ विभागानं एक तक्ता काढला, प्रत्येकाच्या नावापुढे वार आणि वेळ लिहिली आणि काम झालं असं मानलं. तक्ता पाळला जातो की नाही, हे बघायला कोणी फिरकत नाही.

आज त्याबद्दल बोलू. भेट वारंवार रद्द होत असेल तर साहेबांना न दुखावता ते कसं सांगायचं आणि तिच्यासाठी सहसा न हलणारी वेळ कशी मागायची?

सोयीसाठी एक उदाहरण धरून चालू. समजा, तुम्ही सिलतऱ्याच्या एका सळयांच्या कारखान्यात डिस्पॅच बघता. कोणत्या पार्टीचा माल कधी निघायचा, कोणती गाडी लावायची, भाडं काय, बिल आणि ई-वे बिल वेळेत झालं की नाही, हे तुमचं काम. तुमचे साहेब कमर्शियल मॅनेजर. माणूस वाईट नाही, कामाचा आहे, फक्त दिवसभर धावपळीत असतो. तुमची भेट सोमवारी साडेदहा ते अकरा.

आता पहिली गोष्ट. साहेबांकडे जायच्या आधी दहा आठवड्यांचा हिशेब काढा. मनातल्या मनात नको, कागदावर. मनाचा हिशेब नेहमी "कधीच होत नाही" असा येतो आणि तो बहुतेक वेळा खोटा असतो. फोनमधले निरोप मागे सरकवत गेलात तर पंधरा मिनिटांत सगळं सापडतं. प्रत्येक सोमवारापुढे चारच गोष्टी लिहा: भेट झाली का, नसेल तर कोणामुळे राहिली, कारण काय सांगितलं गेलं आणि ती नंतर दुसऱ्या दिवशी घेतली गेली का.

आपल्या उदाहरणात हिशेब असा निघतो. दहांपैकी दोन भेटी पूर्ण झाल्या. दोन अर्ध्यावर तुटल्या. सहा झाल्याच नाहीत. त्या सहांपैकी एक तुमच्याच रजेमुळे राहिली. ती आधी स्वतःच्या नावावर लिहा, कारण साहेबांना नेमकी तीच आठवत असेल. उरल्या पाच. एकदा साहेब कोलकात्याला गेले होते. बाकी चारही वेळा कारण एकच होतं, अकरा वाजता मालकांचा रिव्ह्यू. अर्धवट राहिलेल्या दोन्ही भेटींतही साहेब पावणेअकराला आकड्यांचा कागद उचलून निघून गेले होते. आणि राहिलेल्या सहांपैकी एकही भेट पुढे कुठल्या दिवशी घेतली गेली नाही.

हा कागद नीट बघितलात तर राग थोडा उतरतो. साहेब तुम्हाला टाळत नाहीत. मालकांसमोर आठवड्याचा हिशेब द्यायच्या बरोबर आधीचा अर्धा तास तुमच्या भेटीला दिला गेला आहे. जगातला कोणताही मॅनेजर त्या अर्ध्या तासात आपले आकडे जुळवत बसेल. ज्यानं तक्ता केला त्यानं रिव्ह्यूची वेळ पाहिलीच नाही. म्हणजे दुखणं माणसात नाही, वेळेत आहे. आणि वेळ बदलून मागणं हे साहेबांना "तुम्ही मला वेळ देत नाही" असं सांगण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

हिशेब वेगळाही निघू शकतो, हेही लक्षात असू द्या. रद्द होण्याची कारणं दर वेळी निराळी असतील, वेळेतही काही गोम दिसत नसेल आणि त्याच साहेबांच्या इतरांबरोबरच्या भेटी मात्र व्यवस्थित होत असतील, तर नुसती वेळ बदलून भागणार नाही. तिथे प्रश्न वेगळा विचारावा लागतो, त्याकडे शेवटी येऊ.

दुसरी गोष्ट, भेट गेल्यानं नक्की काय गेलं, ते शोधा. इथे बहुतेक जण चुकीचं उत्तर देतात. "कामं अडतात" असं म्हणतात. साहेब लगेच म्हणणार, "अरे, काम अडलं तर फोन करायचा, मी कधी नाही म्हटलंय?" आणि ते बरोबर असतं. गाडी गेटवर उभी आहे, वजनात फरक आला, पार्टीचा चेक परत आला, अशी कामं फोनवर किंवा दारात उभ्या उभ्या होतातच. ज्याला आग लागली आहे ते वन-टू-वनची वाट बघत नाही.

भेट गेली की जातं ते दुसरंच काही. दोन मिनिटांत विचारता येत नाही, आज नाही विचारलं तरी आज काही बिघडत नाही, असं जे असतं ते. आपल्या उदाहरणात अशा दोन गोष्टी आहेत. अंबिकापूरच्या मार्गावरचा गाडीवाला टनामागे ऐंशी रुपये वाढवून मागतोय. द्यायचे की दुसरा माणूस बघायचा, हे ठरवायला जुनी बिलं समोर ठेवून दहा मिनिटं बसायला हवं. साहेब म्हणाले, "सोमवारी बघू." तीन सोमवार गेले. गाडीवाल्यानं हळूहळू आपल्या गाड्या दुसरीकडे लावल्या, दोन खेपा उशिरा गेल्या आणि अंबिकापूरच्या पार्टीचा फोन थेट साहेबांना आला. दुसरी गोष्ट घरची. डिसेंबरात नागपूरला वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि तुम्हाला पंधरा दिवस रजा हवी आहे. ती नुसती अर्ज टाकून मिळणारी नाही. तुमच्यामागे काम कोण बघणार, हे साहेबांबरोबर बसून ठरवावं लागेल. आणि ही गोष्ट जिन्यात, दोन माणसं बाजूनं जात असताना काढता येत नाही.

अँडी ग्रोव्ह नावाचे गृहस्थ होते. हंगेरीतून निर्वासित म्हणून अमेरिकेत आले आणि पुढे इंटेल कंपनीचे प्रमुख झाले. १९८३ साली त्यांनी 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' हे पुस्तक लिहिलं. वन-टू-वनबद्दल आज जे काही बोललं जातं, त्यातलं बरंचसं त्या पुस्तकातून आलेलं आहे. त्यांचं म्हणणं असं की ही भेट साहेबांची नसते, हाताखालच्या माणसाची असते. विषय त्यानं ठरवायचे, आधी लिहून आणायचे. साहेबांनी ऐकायचं, विचारायचं. महत्त्वाचं आहे पण लगेचचं नाही, असं जे जे आठवडाभरात सुचेल ते दोघांनीही एका फायलीत साठवत जावं आणि भेटीत एकदम काढावं, असंही ते सुचवतात. या फायलीचा आणखी एक फायदा आहे. भेटी पाळल्या जातात हे कळलं की दर अर्ध्या तासानं साहेबांच्या केबिनचं दार ढकलायची सवय सुटते. साहेबांना पटवायचं असेल तर हा मुद्दा जवळ ठेवा. त्यांच्या दृष्टीनं वन-टू-वन म्हणजे गेलेला अर्धा तास असतो. तो अर्धा तास मिळाला तर तुमचे दिवसाचे चार फोन कमी होतील, हे त्यांना कळायला हवं.

आता वेळ निवडायची. हे काम साहेबांवर सोपवू नका. "तुम्हीच सांगा सर, कधी जमेल?" हे नम्र वाटतं खरं, पण त्याचं उत्तर "बघू" असंच येतं. त्यांना आपला आठवडा डोळ्यांसमोर आणून त्यातली फट शोधायला लावणं म्हणजे आणखी एक काम गळ्यात घालणं. ती फट तुम्ही शोधा.

साहेबांचा दिवस खरा कोणाला माहीत असतो? जो त्यांच्याकडे चहा घेऊन जातो त्याला, किंवा बाहेर बसून फोन जोडून देणाऱ्या ताईंना. त्यांना विचारा की आठवड्यात साहेब केबिनमध्ये शांत बसलेले कधी असतात. दोन मिनिटांत नेमकं उत्तर मिळतं. संगणकावरचं कॅलेंडर असेल तर तेही बघा, पण आपल्याकडे बऱ्याच जागी ते अर्धंच भरलेलं असतं. खऱ्या खुणा भिंतीवरच्या कालनिर्णयवर असतात.

कारखान्याच्या दिवसाला स्वतःची एक लय असते. सकाळी काल रात्रीचा हिशेब, अकराला मालक, दीडला जेवण, चारनंतर गाड्या भरून बाहेर पडायची घाई, मग बिलं, ई-वे बिलं आणि गेटवरची भांडणं. त्यामुळे चारनंतरची वेळ मागणं व्यर्थ आहे. शनिवारी अर्धं लक्ष घराकडे असतं. सोमवार तर गेलाच. आपल्या उदाहरणात बुधवारी सव्वादोन ते पावणेतीन ही वेळ मोकळी सापडते. जेवण झालेलं असतं आणि गाड्यांना अजून अवकाश असतो. मे महिन्यात रायपुरात त्या वेळी डोळे मिटायला लागतात हे खरं, पण पेंगुळलेले साहेब धावणाऱ्या साहेबांपेक्षा बरे.

तुम्ही लेखा विभागात असाल तर लय वेगळी असेल. तिथे वारापेक्षा तारखा बघाव्या लागतात. महिन्याच्या सात तारखेला टीडीएस भरायचा असतो, अकराला जीएसटीचं एक विवरण, वीसला दुसरं. या तारखांच्या आदल्या दिवशी येणारी भेट राहणारच. धान खरेदीशी संबंध असलेल्या कामात नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने निराळे धरावे लागतात. त्या काळात दर आठवड्याचा हट्ट न धरता पंधरवड्याला एक भेट आधीच ठरवून घेतलेली बरी.

वेळ सापडली. आता 'राखीव' म्हणजे काय, ते ठरवा. नुसतं "ही वेळ पक्की ठेवू" म्हटलं तर सोमवारचं झालं तेच बुधवारचं होईल. भेट कशानं मोडू शकते आणि मोडली तर पुढे काय, ही दोन उत्तरं तयार हवीत. पहिलं उत्तर सरळ आहे. मालकांनी बोलावलं, कारखान्यात अपघात झाला किंवा मशीन बंद पडलं, तर भेट मोडेल आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करायची नाही. गेटवर गाडी आली, व्यापाऱ्याचा फोन आला, कोणी सही घ्यायला आलं, याला मोडता येणार नाही. दुसरं उत्तर मात्र जास्त महत्त्वाचं, कारण दहा आठवड्यांचं खरं नुकसान तिथेच झालं होतं. भेट मोडली तर ती पुढच्या आठवड्यावर जायची नाही, गुरुवारी त्याच वेळी घ्यायची. अर्धा तास नसला तरी दहा मिनिटं, समोरासमोर नाही जमलं तरी फोनवर. बुधवार महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत आला, तर डिस्पॅचचं टार्गेट बघता त्या आठवड्यात आधीपासूनच दहा मिनिटांची भेट धरायची.

आता बोलायची वेळ. भेट रद्द झाल्याचा निरोप आला त्या क्षणी हे काढू नका. त्या वेळी तुमच्या आवाजात राग असतो आणि साहेबांच्या डोक्यात मालकांचे आकडे. लेखी तर अजिबात नको, निदान आधी नको. मनुष्यबळ विभागाला प्रत टाकून पाठवलेली मेल कितीही गोड शब्दांत असली तरी तक्रारच वाटते. दोन-तीन दिवस जाऊ द्या. एखादी मोठी ऑर्डर वेळेत निघाली, साहेब जरा मोकळे दिसले की विचारा, "सर, पाच मिनिटं हवी होती, आत्ता चालेल की संध्याकाळी?" पाच म्हटलं तर पाचच घ्या.

काय बोलायचं ते साधारण असं. "सर, सोमवारी अकराचा रिव्ह्यू असतो, त्यामुळे आपली साडेदहाची भेट बहुतेक वेळा निघून जाते. अंबिकापूरच्या भाड्याचं त्यातच तीन आठवडे लांबलं आणि पार्टीचा फोन तुम्हाला आला. बुधवारी सव्वादोनला तुम्ही साधारण केबिनमध्ये असता. आपण ती वेळ महिनाभर धरून बघू या का? एखाद्या बुधवारी नाहीच जमलं तर गुरुवारी त्याच वेळी दहा मिनिटं. मुद्दे मी आदल्या संध्याकाळी पाठवत जाईन."

यात "तुम्ही रद्द करता" हे शब्द नाहीत, ते बघा. भेट 'निघून जाते'. दहा आठवड्यांचा कागद खिशात आहे, पण तो बाहेर काढलेला नाही. तो तुमची स्वतःची खात्री पटवण्यासाठी होता. साहेबांसमोर तारखा वाचून दाखवल्या तर त्यांना कोर्टात उभं केल्यासारखं वाटेल. त्यांनीच विचारलं, "इतक्या वेळा राहिली?" तर आकडा सांगा आणि आपली रजा आधी सांगा. नुकसान एकच सांगितलं आहे, आणि ते त्यांनाही आठवतं असं. घरची गोष्ट इथे काढलेली नाही. ती पहिल्या भेटीत काढायची आहे. आणि मागणी कायमची नाही, महिनाभराची आहे. महिनाभरासाठी "हो" म्हणायला माणसाला फार विचार करावा लागत नाही.

रायपुरात बहुतेक मराठी माणसांना हे हिंदीत बोलावं लागतं आणि तिथे एक गंमत होते. घरात मराठी बोलणाऱ्याची हिंदी घाईत असली की जरा तुटक होते. "मला थोडा वेळ हवा होता" हे मराठीत मऊ आहे. त्याचं "मुझे टाइम चाहिए" झालं की ते मागणीपत्र वाटतं. पण आपल्या इकडच्या हिंदीत एक फार उपयोगी शब्द आहे, 'अपन'. मराठीतला बोलणारा आणि ऐकणारा दोघांना धरणारा 'आपण' जसा, तसाच तो. "सर, अपन बुधवार को सवा दो बजे रख लें? एक महीना देख लेते हैं." यात मागणारा आणि देणारा असे दोन पक्षच उरत नाहीत. दिल्लीहून आलेल्या साहेबांना तो शब्द थोडा घरगुती वाटेल. त्यांच्यापुढे 'हम लोग' म्हणा.

आता साहेब काय म्हणतील? सरळ "हो" म्हणाले तर प्रश्नच मिटला. पण बहुतेक वेळा तीनांपैकी एक उत्तर येतं.

"अरे, माझं दार उघडंच असतं, कधीही ये." हे मनापासून म्हटलेलं असतं, म्हणून त्याला खोडून काढू नका. म्हणा, "येतोच सर, आणि अर्जंट असलं तर येत राहीन. पण भाड्यासारखी बिलं समोर ठेवून बसायची कामं उभ्या उभ्या होत नाहीत." दार उघडं असणं आणि दाराआडच्या माणसाला सवड असणं यात फरक आहे, हे त्यांना उदाहरणावरून कळतं. तात्त्विक बोललात तर नाही कळत.

दुसरं उत्तर, "दर आठवड्याला काय बोलायचं असतं? महिन्यातून एकदा बसू." यावर लगेच नाराज होऊ नका, कारण कदाचित ते बरोबर असेल. भेट किती वेळा व्हावी, हे माणूस त्या कामात किती मुरलेला आहे यावर ठरतं, असं ग्रोव्हही म्हणतात. नवं काम हाती घेतलं असेल तर आठवड्याला हवी, मुरलेल्याला कमी चालते. तुम्ही सहा वर्षं डिस्पॅच बघताय तर पंधरवड्याची पाऊण तासाची भेट घ्या आणि खूश व्हा. होणारी पंधरवड्याची भेट न होणाऱ्या आठवड्याच्या भेटीपेक्षा केव्हाही चांगली. महिन्यावर मात्र जाऊ देऊ नका. महिन्याची भेट एकदा चुकली की मध्ये दोन महिने जातात.

तिसरं उत्तर, "हो हो, बघू." हे सगळ्यात अवघड. यात नकार नाही आणि होकारही नाही. इथे तुम्हीच पुढचं पाऊल टाका. "मग या बुधवारपासून धरतो सर, मंगळवारी संध्याकाळी मुद्दे पाठवतो." आणि खरोखर पाठवा. जागेवर परत येऊन लगेच कॅलेंडरचं दर आठवड्याचं निमंत्रण टाका. साहेब संगणकावरचं कॅलेंडर वापरत नसतील तर बाहेरच्या ताईंना सांगा की बुधवारी सव्वादोनला कोणाला वेळ देऊ नका. ताईंच्या वहीत चढलेली वेळ कोणत्याही मोबाइलमधल्या वेळेपेक्षा पक्की असते.

जागेचंही थोडं बघा. साहेबांच्या केबिनमध्ये बसलात तर दर पाच मिनिटांनी कोणीतरी डोकावणार. ग्रोव्ह यांचा सल्ला आहे की साहेबांनी शक्यतो हाताखालच्या माणसाच्या जागी जावं, म्हणजे त्याचं काम डोळ्यांना दिसतं. डिस्पॅचमध्ये हे जसंच्या तसं जमत नाही. तुमच्या टेबलापाशी बसलात तर काट्यावरचे ड्रायव्हर पावत्या घेऊन डोक्यावर उभे राहतील. क्वालिटीवाल्यांची नमुन्यांची खोली दुपारी रिकामी असते, कँटीनचा मागचा कोपराही चालतो. फोन टेबलावर पालथे.

पहिल्या दोन-तीन भेटींत सगळं ठरतं. मंगळवारी संध्याकाळी तीन ओळी पाठवा, तीनच. आपल्या उदाहरणात: 'अंबिकापूरचं भाडं, तीन पर्याय घेऊन येतो. डिसेंबरातली रजा, बोलायचं आहे. नव्या मुलाला बिलिंग शिकवावं का?' आठ मुद्द्यांची यादी पाठवली की साहेब वाचत नाहीत आणि भेटीला यायचा उत्साहही जातो. भेटीत किती गाड्या निघाल्या, किती टन गेलं, हे सांगत बसू नका. ते रोजच्या अहवालात आहे. साहेबांनीच ते विचारलं तर एका वाक्यात सांगून मुद्द्यावर या. वन-टू-वन हळूहळू दुसरा रिव्ह्यू होऊन बसणं ही या भेटीची नेहमीची दुर्गती आहे. तशी झाली की साहेबांना ती रद्द करायला काहीच वाटत नाही, कारण आकडे त्यांना तसेही मिळतात. रजेसारखी मनातली गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांवर ठेवू नका. माणसं नेमकं तेच करतात आणि मग तेवढ्यात फोन वाजतो.

उठता उठता पुढची भेट पक्की करा. ग्रोव्ह यांना ठरलेला वार वगैरे फारसा मान्यच नाही. प्रत्येक भेट संपताना पुढची ठरवावी, म्हणजे दोघांच्या रजा आणि दौरे लक्षात घेता येतात आणि रद्द व्हायची वेळ येत नाही, असं ते सांगतात. मला वाटतं, आपल्याकडे दोन्ही एकत्र चालवावं. ठरलेली वेळ नसेल तर पुढची भेट ठरवायचीच राहून जाते, आणि नुसती ठरलेली वेळ असेल तर पुढच्या बुधवारी सुट्टी आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही. "पुढच्या बुधवारी सव्वादोन, की त्या दिवशी तुमचा बिलासपूरचा दौरा आहे?" एवढा एक प्रश्न पुरतो.

महिना झाला की हिशेब पुन्हा बघा. चारांपैकी तीन भेटी झाल्या असतील, त्यातली एक गुरुवारी सरकलेली असेल, तर जमलं असं समजा. साहेबांना एवढंच सांगा की भाड्याचं एका भेटीत मिटलं. चारांपैकी एकच झाली असेल तर पुन्हा एकदा विचारा, या वेळी वेळेबद्दल नाही. "सर, या भेटी तुम्हाला उपयोगी वाटतात का? की मी लिहून पाठवलं आणि तुम्ही उत्तर दिलंत तर सोपं जाईल?" काही माणसांना समोर बसून बोलणं जमतच नाही, पण दोन ओळींच्या निरोपाला ती नेमकं उत्तर देतात. तसे साहेब असतील तर दर बुधवारी तीन प्रश्न लिहून पाठवा, प्रत्येकापुढे तुमचं मत आणि 'शुक्रवारपर्यंत काही कळवलं नाहीत तर असं करतो' ही ओळ. ही ओळ तुमच्या अधिकारातल्या गोष्टींपुरतीच वापरा. भाडेवाढीला ती चालत नाही. आणि इतरांच्या भेटी होतात, फक्त तुमचीच राहते, असं कागदावर स्पष्ट दिसत असेल, तर कामाबद्दल काही नाराजी आहे का, हे शांतपणे आणि एकट्यात विचारा. उत्तर आवडेलच असं नाही, पण चार महिन्यांनी पगारवाढीच्या पत्रातून ते कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

साहेबांच्या डोक्यावरून त्यांच्या साहेबांकडे केवळ भेट होत नाही म्हणून जाऊ नका. त्यानं वेळ मिळेलही, पण नंतर त्या वेळेत कोणी मोकळं बोलणार नाही. काही गोष्टी मात्र कोणत्याही बुधवारची वाट बघत ठेवायच्या नसतात. पगार थकला असेल, मशीनवर जिवाला धोका दिसत असेल, तर त्याच दिवशी संबंधित माणसाला लेखी द्या. एखाद्या बाईला कामाच्या जागी लैंगिक त्रास होत असेल तर त्यासाठी २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. ती तक्रार साहेबांच्या सवडीवर ठेवायचं काही कारण नाही.

आणि साहेब बदलले, तर जुनी वेळ नव्या साहेबांकडे आपोआप जात नाही. कॅलेंडरमधलं निमंत्रण जुन्या माणसाच्या नावावर असतं, ते नव्यानं टाकावं लागतं. नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात, त्यांचा आठवडा भरायच्या आत त्यांना सांगा, "सर, आधी बुधवारी सव्वादोनला आपलं बसणं असायचं. तुम्हाला तीच वेळ चालेल का?" ताईंच्या वहीतली नोंद तोपर्यंत खोडू देऊ नका.